चोवीस बरोबरच्या खुणा

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना कायद्याच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी मोठा ड्रॉइंग पेपर गुंडाळून घेऊन आली. टेबलावर पसरला तर सुरेख तक्ता. उभे चार रकाने: इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, भारत. आडव्या सहा ओळी: अवैधता, अवाजवीपणा, नैसर्गिक न्याय, पक्षपात, प्रमाणशीरता, रास्त अपेक्षा. आणि प्रत्येक घरात हिरव्या स्केचपेनने केलेली बरोबरची खूण. सहा चोक चोवीस.

"सर, सगळीकडे सगळंच आहे," ती म्हणाली. "मग फरक काय लिहायचा?"

प्रश्न अगदी योग्य होता, तक्ता चुकला होता. प्रशासकीय कायद्याच्या पेपरात तुलनेचा प्रश्न आला की बहुतेक मुले इथेच अडकतात. या चारही देशांचा कायदा एकाच इंग्रजी मुळाचा आहे, त्यामुळे आधारांची नावे जवळपास सारखीच असतात. फरक असतो तो त्या नावाखाली न्यायालय नेमके काय तपासते आणि कुठे थांबते, यात. तो फरक बरोबरच्या खुणेत मावत नाही. म्हणून आम्ही तो तक्ता बाजूला ठेवला आणि नव्याने आखायला बसलो. त्या दुपारी जे हाताला लागले, ते इथे सांगतो.

दोन सिनेमागृहे

आधी तक्ता कशाचा करायचा, हे ठरवावे लागते. न्यायिक पुनर्विलोकन म्हटले की आपल्याकडे संसदेचा कायदा घटनाबाह्य ठरवणे आठवते. इथे तो विषय नाही. इथे प्रश्न सरकारी अधिकाऱ्याच्या, महापालिकेच्या किंवा न्यायाधिकरणाच्या निर्णयाचा आहे. आणि हे अपील नव्हे. अपिलात न्यायालय विचारते, निर्णय बरोबर आहे का? पुनर्विलोकनात ते विचारते, हा निर्णय घेण्याची पद्धत आणि मर्यादा कायद्यात बसते का?

हा भेद समजायला १९४७ सालची दोन सिनेमागृहे पुरतात. पहिले अंधेरीचे. गोरधनदास भानजी यांना तिथे चित्रपटगृह बांधायला मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी जुलैमध्ये परवानगी दिली. सप्टेंबरमध्ये आयुक्तांचेच पत्र आले की सरकारच्या निर्देशानुसार परवानगी रद्द. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५१ मध्ये निकाल लागला. नियमांनी रद्द करण्याचा अधिकार आयुक्तांना दिला होता, सरकारला नव्हे. आयुक्तांनी स्वतःचे डोके न वापरता वरून आलेला हुकूम पुढे पाठवला, म्हणून कायद्याच्या दृष्टीने रद्द करणे झालेच नाही. न्यायालयाने काय आदेश दिला, ते नीट पाहा. 'चित्रपटगृह बांधू द्या' असे ते म्हणाले नाही. आयुक्तांनी सर्व बाजू पाहून, स्वतःच्या बुद्धीने, रद्द करायचे की नाही ते स्पष्ट आदेशाने ठरवावे, असे ते म्हणाले. निर्णय आयुक्तांचाच राहिला.

दुसरे सिनेमागृह इंग्लंडातल्या वेन्सबरी गावचे. रविवारी खेळ दाखवायला तिथल्या नगरपालिकेने परवानगी दिली, पण अट घातली की पंधरा वर्षांखालील मुलांना, मोठे माणूस सोबत असले तरी, आत घ्यायचे नाही. कंपनी कोर्टात गेली. नोव्हेंबर १९४७ मध्ये लॉर्ड ग्रीन यांनी सांगितले की कोणत्याही समंजस अधिकाऱ्याने घेतला नसता इतका अवाजवी निर्णय असेल, तरच न्यायालय हात घालील. ही अट तशी नव्हती. कंपनी हरली. अवाजवीपणाची सर्वांत प्रसिद्ध कसोटी ज्या खटल्यातून आली, त्यात ती कसोटी लावून अर्जदाराला काहीच मिळाले नाही. उत्तरपत्रिकांत मात्र वर्षानुवर्षे 'न्यायालयाने ही अट रद्द केली' असे वाचायला मिळते. म्हणून तक्त्याच्या घरात खटल्याच्या नावाशेजारी एक अक्षर हवेच: अर्जदार जिंकला तर 'जि', हरला तर 'ह'.

ओळी नावांच्या नकोत, तक्रारींच्या हव्यात

पुनर्विलोकनाच्या आधारांची आज सर्वत्र शिकवली जाणारी मांडणी लॉर्ड डिप्लॉक यांची. चेल्टनहॅमच्या जीसीएचक्यू या गुप्त संदेश यंत्रणेत कामगार संघटनांवर सरकारने सल्लामसलत न करता बंदी घातली, त्या खटल्यात १९८४ मध्ये त्यांनी तीन कप्पे केले: अवैधता, अविवेकीपणा, प्रक्रियेतील दोष. चौथा कप्पा, प्रमाणशीरता, पुढे कधी येऊ शकेल असेही म्हटले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने टाटा सेल्युलर खटल्यात, महानगरांतल्या मोबाइल परवान्यांच्या निविदांवरून १९९४ मध्ये, हेच तीन कप्पे उचलले.

मुलीच्या तक्त्यातल्या ओळी या कप्प्यांवरूनच आल्या होत्या, आणि घोटाळा तिथेच झाला. डिप्लॉक यांचे कप्पे इंग्लंडच्या घरासाठी केलेले. ते दुसऱ्याच्या घरात ठेवले की सामान बसते, पण बाहेर लोंबते. म्हणून आम्ही ओळींना नावे न देता नागरिकाची तक्रार लिहिली. 'त्यांना हा अधिकारच नव्हता, किंवा त्यांनी तो स्वतः वापरला नाही.' 'मला ऐकूनच घेतले नाही.' 'निर्णयाला काही धरबंधच नाही.' 'मला शब्द दिला होता, तो मोडला.' चार ओळी झाल्या. तक्रार कोणत्याही देशात सारखीच असते. तिथले न्यायालय तिला काय नाव देते आणि किती दाद देते, ते घरात लिहायचे.

मग सर्वांत वर एक जास्तीची ओळ आखली: 'दार कोणते?' न्यायालयाला हात घालण्याचा अधिकार मुळात कुठून मिळतो, हे त्यात येते. भारताच्या घरात घटनेचे अनुच्छेद ३२ आणि २२६ येतात, आणि मनमानीविरुद्ध अनुच्छेद १४ पाठीशी उभे असते. इंग्लंडला लिखित घटना नाही, तिथे न्यायाधीशांनी घडवलेला कायदाच पाया आहे, आणि मानवी हक्कांच्या बाबतीत १९९८ चा कायदा. ऑस्ट्रेलियात राज्यघटनेचे कलम ७५(५) केंद्रीय अधिकाऱ्यांविरुद्ध थेट हायकोर्टात दाद मागू देते. शिवाय १९७७ च्या कायद्याने आधारांची यादीच छापून दिली आहे. तिथले हायकोर्ट म्हणजे देशाचे सर्वोच्च न्यायालय, हेही घरातच लिहून ठेवावे. नाहीतर परीक्षेत मुले 'हायकोर्टाचा निर्णय असल्याने त्यावर अपील झाले असावे' असे लिहून मोकळी होतात.

ही वरची ओळ भरली की खालची बरीचशी घरे आपोआप उमजू लागतात. ऑस्ट्रेलियात सगळे वाद शेवटी एका शब्दाशी येतात: ज्युरिस्डिक्शनल एरर, म्हणजे अधिकारकक्षा ओलांडणारी चूक. न्यायालयाचे काम कायद्याची हद्द दाखवण्याचे, हद्दीच्या आतला निर्णय चांगला की वाईट हे पाहण्याचे नाही, हा तिथला पक्का समज. कॅनडा वेगळ्याच टोकाने सुरुवात करतो. तिथे आधी विचारतात, न्यायालयाने किती खोलवर पाहायचे? २०१९ च्या वाव्हिलॉव्ह निकालापासून गृहीत असे की निर्णय वाजवी आहे का, एवढेच पाहायचे. घटनेचे प्रश्न वगैरे थोड्या अपवादांतच न्यायालय स्वतःचे उत्तर लादते. कॅनडाच्या रकान्यात इंग्लंडसारखे कप्पे शोधत बसलात तर वेळ जातो. तिथे मापाची पट्टी आधी, तक्रार नंतर.

धरबंध नसलेला निर्णय

'मला ऐकून घेतले नाही' ही ओळ लवकर भरते. इंग्लंडचा रिज विरुद्ध बाल्डविन, ऑस्ट्रेलियाचा किओआ, कॅनडाचा बेकर, आपला मेनका गांधी. तपशील वेगळे, पण सुनावणीचा हक्क चौघांनाही मान्य. इथे चारही रकान्यांतून एकच लांब घर आखले तरी चालते.

'धरबंध नाही' या ओळीत मात्र चारही देश वेगळे वाजतात. इंग्लंडात वेन्सबरीची कसोटी अजून जिवंत आहे. मानवी हक्काचा प्रश्न असेल तर मात्र प्रमाणशीरता लागते, म्हणजे उपाय हेतूच्या मानाने जास्त कडक तर नाही ना, हे पाहिले जाते. ऑस्ट्रेलियात २०१३ चा ली खटला पाहा. व्हिसासाठी कौशल्याचे नवे प्रमाणपत्र यायचे होते, म्हणून ली यांनी न्यायाधिकरणाकडे थोडी मुदत मागितली. न्यायाधिकरणाने पुरेशी संधी दिल्याचे सांगून निर्णय देऊन टाकला. हायकोर्ट म्हणाले, संसदेने अधिकार दिला तो वाजवीपणेच वापरावा या समजुतीने. इथे थांबायला नकार देण्याला पटण्याजोगे कारणच दिसत नाही. म्हणजे अवाजवीपणा ही हद्द ओलांडणेच झाली. नाव जुनेच, पण धागा पुन्हा हद्दीच्या कल्पनेशी जोडला.

कॅनडात वाव्हिलॉव्ह यांचा जन्म टोरंटोत झाला. आईवडील खोट्या नावांनी राहणारे रशियन हेर निघाले. परकीय सरकारच्या प्रतिनिधींची मुले जन्माने नागरिक होत नाहीत, या तरतुदीवर बोट ठेवून अधिकाऱ्याने त्यांचे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणे अवाजवी ठरवले. ती तरतूद राजनैतिक विशेषाधिकार असलेल्यांसाठी आहे, आणि अधिकाऱ्याच्या कारणमीमांसेत या बाजूचा विचारच झाला नव्हता. कॅनडाच्या घरात म्हणून एकच वाक्य पुरते: इथे कारणांची साखळी तपासतात.

भारताच्या घरात दोन कप्पे हवेत. ओम कुमार खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भेदभावाची तक्रार असेल तर न्यायालय प्रमाणशीरता स्वतः तपासील. पण निर्णय नुसता मनमानी आहे, एवढीच तक्रार असेल, तर वेन्सबरीच्याच अंतरावरून पाहील. मुलीच्या जुन्या तक्त्यात भारताच्या घरी 'प्रमाणशीरता' अशी खूण होती. ती खोटी नव्हती, पण अर्धीच होती.

मोडलेला शब्द

सगळ्यात जास्त जागा लागली ती 'शब्द दिला होता' या ओळीला. कायद्यात हिला रास्त अपेक्षा म्हणतात. अधिकाऱ्याने आश्वासन दिले आणि नंतर धोरण बदलले, तर नागरिकाला फक्त 'आधी ऐकून घ्या' एवढेच मिळते, की आश्वासनच पाळून घेता येते? चारही देश सुनावणीपर्यंत एकत्र चालतात आणि मग फाटा फुटतो.

इंग्लंडचा उत्तम दाखला कॉफलन यांचा. अपघाताने गंभीर अपंगत्व आलेल्या या बाईंना आरोग्य प्राधिकरणाने १९९३ मध्ये मार्डन हाउस या निवासात हलवले, ते आयुष्यभराचे घर असेल असे सांगून. पाच वर्षांनी ते बंद करायचे ठरले. अपील न्यायालयाने १९९९ मध्ये आश्वासन पाळायला लावले. थोड्या माणसांना दिलेले, जवळजवळ कराराच्या स्वरूपाचे वचन मोडायला तेवढेच वजनदार सार्वजनिक कारण हवे, आणि ते वजन न्यायालय स्वतः करील, असे ते म्हणाले.

कॅनडाचा माउंट सायनाय खटला दिसायला जुळ्या भावासारखा. मंत्र्यांनी मॉन्ट्रियलच्या एका रुग्णालयाला स्थलांतरानंतर सुधारित परवाना देण्याचे आश्वासन दिले आणि नंतर नकार दिला. २००१ मध्ये रुग्णालय जिंकले. आता विद्यार्थी इथे कॉफलनसारखीच खूण करतो आणि फसतो. बहुमताने रुग्णालयाला न्याय दिला तो वेगळ्या कारणाने: मंत्र्यांनी आपला अधिकार आधीच वापरला होता, असे मानून. रास्त अपेक्षेतून कॅनडात प्रक्रियाच मिळते, प्रत्यक्ष वस्तू नव्हे. निकाल सारखा, कायदा उलटा.

ऑस्ट्रेलियाने दार बंदच ठेवले. न्यू साउथ वेल्सच्या जुन्या दंडाधिकाऱ्यांना दिलेले आश्वासन नव्या धोरणाला बांधू शकत नाही, असे क्विन खटल्यात १९९० मध्ये ठरले. २००३ च्या लॅम खटल्यात तर कॉफलनवर उघड टीका झाली. भारताने हो म्हटले, पण जपून. पंजाब कम्युनिकेशन्स खटल्यात १९९९ मध्ये प्रत्यक्ष लाभाची अपेक्षा मान्य झाली. पण धोरणबदल वेन्सबरीच्या अर्थाने अवाजवी आहे का, एवढेच पाहायचे ठरले. २०२० मध्ये झारखंडच्या एका कंपनीला औद्योगिक धोरणाने कबूल केलेली वीजशुल्काची निम्मी सूट, अधिसूचना काढायला सरकारनेच उशीर केला म्हणून, नाकारता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. तो आधार अनुच्छेद १४ च्या मनमानीविरोधातून आला. ओळ पूर्ण झाल्यावर अशी दिसत होती:

| देश | निवाडा | शब्दाला काय मिळते |
|---|---|---|
| इंग्लंड | कॉफलन, १९९९ (जि) | वचन पाळणेही. न्यायालय वजन करते |
| ऑस्ट्रेलिया | क्विन, १९९० (ह) | फक्त प्रक्रिया |
| कॅनडा | माउंट सायनाय, २००१ (जि, पण वेगळ्या कारणाने) | फक्त प्रक्रिया |
| भारत | पंजाब कम्युनिकेशन्स, १९९९ (ह). ब्रह्मपुत्र मेटॅलिक्स, २०२० (जि) | लाभही. अनुच्छेद १४ मधून |

तक्ता खरा की खोटा

तक्ता झाला म्हणजे झाला नाही. एक उदाहरण त्यातून चालवून पाहावे लागते. आम्ही एक रचले. महापालिकेने बाराजणांना लेखी कळवले की पाच वर्षे तुमचे भाजीचे गाळे हलवणार नाही. दोन वर्षांनी मंत्र्यांचा फोन आला, आणि आयुक्तांनी कोणाला न बोलावता एका ओळीच्या पत्राने गाळे रिकामे करायला सांगितले.

पहिली ओळ: आयुक्तांनी दुसऱ्याच्या सांगण्यावरून अधिकार वापरला. अंधेरीचेच प्रकरण, गाळेवाले चारही देशांत जिंकतात. दुसरी: सुनावणी नाही. इथेही चौघे एकत्र. भारताच्या रकान्यात मुंबईच्या फुटपाथवासीयांचा १९८५ चा ऑल्गा टेलिस निकाल येतो. नोटीस न देण्याची मुभा कायद्यात असली तरी ती अपवाद, ऐकून घेणे हा नियम, असे त्यात म्हटले आहे. चौथी ओळ: इंग्लंडात बाराच माणसे आणि स्पष्ट लेखी वचन, म्हणून बळ मोठे. भारतात शक्यता चांगली. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात सुनावणी मिळेल, पाच वर्षे मिळणार नाहीत.

तिसऱ्या ओळीवर ती थबकली. "पत्रात कारणच नाहीये," ती म्हणाली. "ते कुठल्या ओळीत?" तक्त्यात ओळच नव्हती. कारणे देण्याचे बंधन ही स्वतंत्र ओळ निघाली, आणि तिच्यातही फरक होता. ऑस्ट्रेलियाने १९८६ च्या ऑसमंड खटल्यात कायद्यात म्हटल्याशिवाय कारणे देणे बंधनकारक नाही असे ठरवले. इंग्लंडातही सरसकट बंधन नाही, पण न्याय्यतेसाठी अनेकदा लागते. कॅनडाने बेकरमध्ये काही प्रसंगी ते मान्य केले. आपल्याकडे एस. एन. मुखर्जी खटल्यात, १९९० मध्ये, अर्धन्यायिक निर्णयांना कारणे हवीतच असा नियम आला. ही ओळ उदाहरणाने शोधून दिली, पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेने नव्हे.

दोन बारीक चुका शेवटपर्यंत छळतात. एक सालांची. वेन्सबरीचा निकाल १९४७ चा, पण तो छापला गेला १९४८ च्या अहवालात. जीसीएचक्यूचा निकाल १९८४ चा, संदर्भ १९८५ चा. रिज विरुद्ध बाल्डविनचेही तसेच. दोन पुस्तकांत दोन साले दिसली की मुले दोन वेगळे खटले समजतात. निकालाचे साल घ्या किंवा अहवालाचे, पण सगळ्या तक्त्यात एकच पद्धत ठेवा. दुसरी चूक वजनाची. डिप्लॉक यांचे तीन कप्पे हे एका न्यायाधीशाचे विवेचन होते, आणि त्या खटल्यात संघटना राष्ट्रीय सुरक्षेच्या मुद्द्यावर हरली. लॅममधली कॉफलनवरची टीकाही निकालाला आवश्यक नव्हती. असे भाग पेन्सिलने लिहा, निकालाचा गाभा शाईने. उत्तर लिहिताना कशावर भर द्यायचा ते डोळ्यांना आपोआप कळते.

संध्याकाळी तिने नवा कागद गुंडाळला तेव्हा त्यावर बरोबरची एकही खूण नव्हती. 'ऐकून घेतले नाही' या ओळीला एकच लांब घर होते, आणि 'शब्द दिला होता' या ओळीने जवळजवळ अर्धा कागद खाल्ला होता. परीक्षेला बसणाऱ्यांना एवढेच सांगतो: तक्त्यात ज्या ओळीला जास्त जागा लागली, तिलाच उत्तरपत्रिकेतही जास्त जागा द्या. उरलेल्या तिथे दोन वाक्यांत आटोपतात.